“माझ्यावर कोणताही गुन्हा नाही” या छापील वाक्याखाली सही करण्याआधी



गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री साडेनऊला गोडदेवच्या आमच्या खोलीवर एक पोरगा आला. वय सत्तावीस, बी.कॉम., वस्तीतल्या अभ्यासिकेत आमच्यासोबत वाढलेला. हातात प्लास्टिकचा फोल्डर होता. एका सार्वजनिक संस्थेत कंत्राटी लेखा सहायक म्हणून त्याची निवड झाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचे होते. बाकी सगळे कागद तयार होते. एका कागदावर मात्र सही राहिली होती.

“दादा, हे फक्त बघून घ्या. सही करू ना?”

कागदावर छापलेले होते: “मी याद्वारे घोषित करतो की, माझ्यावर आजपर्यंत कोणत्याही प्रकारचा गुन्हा दाखल नाही, कोणत्याही न्यायालयात खटला प्रलंबित नाही व माझे चारित्र्य निष्कलंक आहे. वरील माहिती खोटी आढळल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता मला सेवेतून कमी करण्यात यावे.” खाली नाव, दिनांक आणि सहीची जागा.

आम्ही त्याला विचारले, “तीन जानेवारीचं काय झालं रे तुझं?”

तो हसला. “दादा, ते तर सरकारने मागे घेतलं ना कधीच.”

या हसण्यावरच आम्हाला हा लेख लिहायचा आहे. कारण असाच कागद आम्ही स्वतः 2019 साली सही करून दिला होता, आणि चौथ्या महिन्यात राजीनामाही दिला होता.

आधी आमचे सांगतो. 1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या लोकांवर हल्ला झाला. 3 जानेवारीला बाळासाहेब आंबेडकरांनी महाराष्ट्र बंदची हाक दिली. आम्ही त्या दिवशी ठाणे जिल्ह्यात एका महामार्गाच्या कडेला दोन-अडीचशे लोकांत उभे होतो. घोषणा दिल्या, रस्ता अडवला, संध्याकाळी घरी आलो. आम्हाला कोणी हात लावला नाही, नाव विचारले नाही. पुढच्या वर्षी एका संस्थेच्या प्रकल्पात समाजकार्यकर्ता म्हणून रुजू होताना “गुन्हा दाखल नाही” या वाक्याखाली आम्ही निर्धास्तपणे सही केली. चौथ्या महिन्यात पडताळणीचा अहवाल आला. फिर्यादीत सहा जणांची नावे होती आणि पुढे “व इतर चाळीस ते पन्नास” असे लिहिले होते. त्या “इतर” मध्ये नंतर व्हिडिओवरून आमचे नाव घातले गेले होते आणि दोषारोपपत्रही दाखल झाले होते. संस्थेच्या बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, तुम्ही खोटं लिहिलंत, स्वतःहून गेलात तर बरं. समाजशास्त्रात एम.ए. केलेले आम्ही! “गुन्हा दाखल असणे” आणि “तो दाखल असल्याचे मला माहीत असणे” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेही त्या खुर्चीत बसून आम्हाला बोलता आले नाही. राजीनामा लिहून दिला.

आता त्या पोराकडे येतो. त्याचे प्रकरण आमच्यापेक्षा वाईट होते, कारण त्याला माहीत होते. त्या दिवशी त्याला पोलीस ठाण्यात संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले होते. एका नोटिशीवर सही घेतली होती. आई, म्हणजे आमची मावशी, रडत तिथे जाऊन बसली होती. घरी आल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ लावला: सोडलं म्हणजे मिटलं. आणि 2020 मध्ये मोबाईलवर बातमी फिरली, तेव्हा तर पक्केच मिटले.

बातमी खोटी नव्हती. फेब्रुवारी 2020 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधिमंडळात सांगितले होते की कोरेगाव भीमा प्रकरणाशी संबंधित 649 गुन्ह्यांपैकी 348 मागे घेतले आहेत. आपल्या पोरांनी त्यातले “मागे घेतले” एवढेच लक्षात ठेवले. 649 मधून 348 गेले तर त्या दिवशी 301 उरले होते, ही वजाबाकी कोणी केली नाही. आणि मागे घेणे म्हणजे काय, हेही कोणी विचारले नाही. मंत्र्याने सभागृहात सांगितल्याने खटला संपत नाही. सरकारने ठरवायचे, मग सरकारी वकिलाने त्या-त्या न्यायालयात अर्ज करायचा आणि न्यायाधीशाने संमती द्यायची. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 321 होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 360 आहे. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत तो खटला प्रलंबितच असतो. तुमच्या खटल्यात असा आदेश झाला आहे का, हे तुमच्याच खटल्याच्या कागदावर बघावे लागते. बातमीत ते सापडणार नाही.

आम्ही त्या रात्री मोबाईलवर services.ecourts.gov.in उघडले. जिल्हा ठाणे निवडला, मग एफआयआर क्रमांकाने शोधायचा पर्याय घेतला. पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष एवढे टाकावे लागते. क्रमांक कुठून आणायचा? मावशीने पत्र्याच्या पेटीतून ती 2018 ची नोटीस काढली. बाईने सात वर्षे तो कागद लाईट बिलांसोबत जपून ठेवला होता. त्या कागदावर क्रमांक होता. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी citizen.mahapolice.gov.in वर “Published FIRs” मध्ये तारीख आणि ठाणे टाकून बघावे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानुसार संवेदनशील प्रकरणे सोडून बाकीच्या फिर्यादी संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. नावाने शोधण्यावर मात्र फार विसंबू नका. आपल्या आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग पोलीस चार प्रकारे लिहितात आणि एक अक्षर चुकले की पाटी कोरी दिसते. कोरी पाटी बघून “काही नाही” म्हणणारे बरेच जण आम्ही पाहिले आहेत.

खटला सापडला आणि तो जिवंत होता. दोषारोपपत्र दाखल, टप्पा हजेरीचा, पुढची तारीख दोन महिन्यांनी. समन्स त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते, कारण ज्या चाळीच्या पत्त्यावर ते निघाले ती चाळ पुनर्विकासात तुटली होती.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, “आता लिहिलं तर नोकरी जाईल. नाही लिहिलं तर कदाचित कळणारही नाही.”

हा “कदाचित” आपल्या पोरांना फार महाग पडतो. पडताळणी नोकरी देणारा करत नाही, पोलीस करतात. आणि ज्या पोलीस यंत्रणेने गुन्हा नोंदवला तिच्याकडेच तो विचारला जातो. मीरा-भाईंदरचे पोलीस आयुक्तालय 1 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाले, त्याआधी आपला भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता. त्यामुळे काही जणांना वाटते की जुने दप्तर तिकडे राहिले. दप्तर कुठेही असो, नोंदी संगणकावर आल्या आहेत. अहवाल कधी पंधरा दिवसांत येतो, कधी सहा महिन्यांनी. पण आपण लिहिलेले “नाही” त्याची वाट बघत फायलीत बसून असते.

इथे एक जुना निकाल सांगणे भाग आहे. केंद्रीय विद्यालय संघटन विरुद्ध रामरतन यादव, सर्वोच्च न्यायालय, 2003. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. साक्षांकन नमुन्यात खटल्याबद्दल विचारले होते, त्याने “नाही” लिहिले, आणि खटला चालू होता. नोकरी गेली. त्याने दोन गोष्टी मांडल्या. एक, माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, इंग्रजी रकान्याचा अर्थ मला कळला नाही. दोन, सरकारने तो खटला नंतर मागे घेतला आहे. न्यायालयाने दोन्ही मान्य केल्या नाहीत. एवढा शिकलेला माणूस रकाना समजला नाही असे म्हणू शकत नाही, आणि खटला नंतर मागे घेतला तरी सही केली त्या दिवशी तो होता. आपल्या पोरांच्या तोंडी नेमकी हीच दोन वाक्ये असतात. ती वीस वर्षांपूर्वीच फेटाळली गेली आहेत.

पण त्यानंतर कायदा तिथेच थांबला नाही. 21 जुलै 2016 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल दिला आणि सगळे उलटसुलट निकाल समोर ठेवून नियम घालून दिले. आमच्या कार्यकर्त्यांनी हा निकाल वाचावा असे आम्हाला वाटते, कारण त्यात किरकोळ प्रकरणाचे उदाहरण म्हणून तरुण वयात घोषणा देण्याचाच उल्लेख आहे. अशी बाब लपवली गेली असली तरी नोकरी देणारा आपल्या अधिकारात ती माफ करू शकतो, असे न्यायालय म्हणते. उमेदवाराने किरकोळ स्वरूपाचा प्रलंबित खटला खरेपणाने सांगितला, तर त्या खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. खटला असल्याचे उमेदवाराला माहीतच नव्हते, तर गुन्ह्याचे गांभीर्य बघून निर्णय घ्यावा, आणि माहिती दडवल्याचा ठपका ठेवण्याआधी ती माहिती त्याला होती हे दिसले पाहिजे. आमच्या 2019 च्या खुर्चीत आम्हाला हे शेवटचे वाक्य हवे होते.

आणि एक मुद्दा तर थेट शब्दांचाच आहे. न्यायालय म्हणते, नमुन्यातला प्रश्न नेमका असावा, मोघम नसावा, आणि जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दडवल्याची कारवाई करता येत नाही. “माझे चारित्र्य निष्कलंक आहे” हा प्रश्न नाही. ती कबुली आहे, आणि तीही छापखान्यातून आलेली. अशा वाक्याखाली सही करणारा माणूस न विचारलेल्या गोष्टींचेही उत्तर देऊन बसतो.

म्हणून वाक्याचे तुकडे करून वाचायचे. “गुन्हा दाखल” म्हणजे पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली. “न्यायालयात खटला प्रलंबित” म्हणजे प्रकरण न्यायालयात पोचले आणि संपले नाही. फिर्याद आहे पण दोषारोपपत्र गेलेले नाही, अशा पोराचे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर वेगळे असू शकते, पहिल्याला मात्र “होय” च. “अटक” म्हणजे अटक. जामीनपात्र गुन्ह्यात अटक करून ठाण्यातच जामिनावर सोडले तरी ती अटक होते, पण हजर राहण्याची नुसती नोटीस म्हणजे अटक नव्हे. मोर्चात पोलीस आपल्याला गाडीत भरून नेतात आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 68 आणि 69 ची नोंद करतात. तो गुन्हा नसतो, पण नमुन्यात ताब्यात ठेवल्याबद्दल विचारले असेल तर लिहावे.

सरकारी साक्षांकन नमुन्यात आणखी एक रकाना असतो, ज्याकडे कोणी बघत नाही: बंधपत्र घेतले गेले आहे का? आपल्याकडे ज्याला सगळे “चॅप्टर” म्हणतात, तेच हे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीआधी, निवडणुकीआधी कार्यकर्त्यांना बोलावून शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतात. जुने कलम 107, आता 126. पोरगा म्हणतो, “ती काय केस आहे का?” केस नाही, शिक्षा नाही. पण रकाना बंधपत्राचाच असेल तर उत्तर “होय”. आम्ही गोडदेवात दरवर्षी निदान दोघातिघांना हे समजावतो आणि दरवर्षी ते आमच्याकडे चिडून बघतात. चिडण्यासारखे आहेच. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या पोराला आधी संशयित ठरवायचे आणि मग नोकरीच्या दारात “तुझ्याकडून कधी बंधपत्र घेतले का” असे विचारायचे, हा खेळ कोणत्या वस्त्यांत जास्त चालतो हे आम्ही वेगळे सांगायला नको. रस्ता अडवला म्हणून आमच्यावर कलम लागते आणि चोरीच्या आरोपाच्याच रकान्यात ते बसते. नमुन्यात कारण लिहायला जागा नसते. ती जागा आपणच करून घ्यावी लागते.

त्या रात्री आम्ही तीच केली. छापील वाक्य तसेच ठेवले, त्यावर रेघ मारून शेजारी छोटी सही घेतली, “सोबत जोडलेली घोषणा पाहावी” असे लिहिले आणि वेगळ्या कागदावर मराठीत मजकूर तयार केला. अर्धा तास एकेका शब्दावर वाद झाला. त्याने पहिल्यांदा “खोट्या केसमध्ये गोवले आहे” असे लिहिले होते. आम्ही ते काढायला लावले. खोटी की खरी हे न्यायालयात सांगायचे, रुजू होताना नाही. “मी निर्दोष आहे” हेही काढले. शेवटी राहिले ते असे:

“मी घोषित करतो की, माझ्याविरुद्ध अमुक पोलीस ठाणे येथे गुन्हा रजिस्टर क्रमांक अमुक/2018 अन्वये भारतीय दंड संहिता कलम 143, 147, 149, 341, 188 व महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 37(1)(3) सह 135 प्रमाणे गुन्हा नोंद आहे. सदर गुन्हा 3 जानेवारी 2018 रोजीच्या महाराष्ट्र बंददरम्यान रस्ता अडवल्याबाबत आहे. त्यात दोषारोपपत्र दाखल असून अमुक न्यायालयात खटला क्रमांक अमुक प्रलंबित आहे. न्यायालयाने अद्याप दोषारोप निश्चित केलेले नाहीत. मला अटक झालेली नाही. नोटीस देण्यात आली होती. मला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही. याव्यतिरिक्त, आज दिनांक अमुक रोजी माझ्या माहितीप्रमाणे माझ्याविरुद्ध अन्य कोणताही गुन्हा नोंद नाही व अन्य कोणताही खटला प्रलंबित नाही. खटल्यात पुढे होणारा आदेश मी कार्यालयास लेखी कळवीन.”

सोबत दोन कागद जोडले: नोटिशीची झेरॉक्स आणि संकेतस्थळावरील खटल्याच्या सद्यस्थितीची प्रत. मजकुराच्या दोन प्रती काढल्या. एक द्यायची, दुसऱ्यावर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यायची. ही पोच नसेल तर सहा महिन्यांनी “तुम्ही सांगितलेच नव्हते” असे म्हणायला समोरचा मोकळा असतो.

“माझ्या माहितीप्रमाणे” हे शब्द आम्ही मुद्दाम घातले, पण त्यांचा आडोसा करू नका. नोटिशीवर ज्याची सही आहे, त्याला “माहीत नव्हते” म्हणता येत नाही. हे शब्द आमच्यासारख्यांसाठी आहेत, ज्यांची नावे “इतर” मध्ये नंतर भरली जातात. आणि तारीख का? कारण घोषणा त्या दिवसापुरतीच खरी असते. सही केल्यानंतर काही दाखल झाले तर ते कळवायचे, सरकारी नमुन्यात ही सूचना छापलेलीच असते. ज्याच्यावर खरोखर काहीच नाही, त्यानेही तारीख आणि “माझ्या माहितीप्रमाणे” लिहूनच सही करावी. राज्यात 2015 पासून बऱ्याच कामांसाठी शपथपत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते, म्हणून लोक त्याला हलके समजतात. पण त्याच्या मसुद्यात खोट्या माहितीबद्दल खटल्याची कलमे लिहिलेली असतात.

हे सगळे केले की नोकरी नक्की, असे आम्ही त्याला सांगितले नाही. अवतार सिंग निकालच सांगतो की खरे सांगितले तरी नेमणूक द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो. पोलीस भरतीत, सशस्त्र दलांत न्यायालये अधिक कडक आहेत. तिथे किरकोळ कलमसुद्धा जड जाते. खासगी कंपनीविरुद्ध तर या निकालाच्या जोरावर थेट उच्च न्यायालयात रिट घेऊन जाता येत नाही. तिथे करार आणि मालकाची मर्जी चालते. पण एवढे नक्की बदलते: लपवले तर चर्चा तुमच्या खोटेपणाची होते आणि 2018 मागे पडते. सांगितले तर चर्चा त्या कलमांची होते, आणि कलम 341 म्हणजे रस्ता अडवणे. त्यावर बोलता येते.

सोमवारी तो गेला. आवक टेबलावरच्या बाबूने कागद परत सरकवला. “हे असलं चालत नाही, छापील भरा.” पोराने आमच्या सांगण्याप्रमाणे एवढेच म्हटले, “सर, छापील वाक्य माझ्याबाबतीत खरं नाही. त्यावर सही केली तर मी तुमच्या कार्यालयाला खोटं लिहून दिल्यासारखं होईल.” बाबू आत गेला. चाळीस मिनिटे बसवून ठेवले. मग शिक्का मिळाला, पण रुजू करून घेतले नाही. तीन आठवडे फोन नाही. मावशी आमच्याशी बोलत नव्हती. एकदा चौकात भेटली तेव्हा म्हणाली, “तुमचं खरं तुमच्याजवळ ठेवायचं होतंत.” आम्हालाही रात्री वाटायचे, आपली 2019 ची जखम आपण या पोराच्या अंगावर तर काढली नाही?

चौथ्या आठवड्यात पत्र आले. नेमणूक “खटल्याच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून” दिली होती. अकरा महिन्यांचा करार, निकाल विरुद्ध गेल्यास संपुष्टात. पोरगा खुश झाला, आम्ही पूर्ण खुश नव्हतो. निकाल लागेपर्यंत त्या वाक्याची टांगती तलवार राहणार. म्हणून पहिला पगार झाल्यावर त्याला वकिलाकडे नेले. पुढच्या तारखेला तो स्वतः हजर झाला, नवा पत्ता दिला, जामीन घेतला. हा खटला मागे घेण्याच्या यादीत आहे का, हे सरकारी वकिलांच्या कार्यालयात लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही. त्याच गुन्ह्यातल्या आणखी अकरा जणांचे पत्ते आम्ही शोधतो आहोत. त्यातल्या चौघांना आपल्यावर खटला चालू आहे हे आमच्याकडूनच कळले, आणि एकाचे पुढच्या महिन्यात जॉइनिंग आहे.